अनोळख्याला उत्तर न देणारं दार

सांगलीला माझ्या मामांचं करसल्लागाराचं ऑफिस आहे. माणसं सात, टॅली ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर, आणि जुलै महिना लागला की विवरणपत्रांच्या घाईत रात्री घरी बसूनसुद्धा त्याच टॅलीवर काम करायची गरज. ऑफिसचं इंटरनेट असं, की बाहेरून थेट आत यायला स्वतंत्र पत्ताच मिळत नाही. कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून वापरते. म्हणून मी महिन्याच्या भाड्याने एक छोटा सर्व्हर घेतला, त्यावर वायरगार्ड बसवलं, आणि ऑफिसचा कॉम्प्युटर, मामांचा फोन, सगळ्यांचे लॅपटॉप त्या सर्व्हरला जोडून दिले. काम छान चाललं. अडचण एवढीच, की नवा मुलगा कामाला लागला, कुणी फोन बदलला, कुणी नोकरी सोडली की मला फोन यायचा. शेवटी मामा म्हणाले, "अरे, एखादं पान नाही का उघडत, जिथं मीच नाव टाकीन आणि मीच काढीन? दर वेळी तुझं काम खोळंबवायचं म्हणजे मलाच संकोच वाटतो."

असं पान असतं. वायरगार्डसाठी ब्राउझरमधून चालणारी अनेक पॅनेलं आहेत. त्यांतलं `wg-easy` सगळ्यात परिचयाचं. मामांची मागणी रास्त होती आणि मी ती पुरी केली. पण ती पुरी करताना वायरगार्डची जी एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती माझ्याच हातून जवळजवळ मोडली होती. ती गोष्ट म्हणजे त्याचं मौन.

वायरगार्ड यूडीपीच्या एका पोर्टवर ऐकत असतं, बहुतेक वेळा 51820. जोडणी सुरू करणारं पहिलं पाकीट 148 बाइटांचं असतं. त्यात एक छोटी खूण असते, आणि ती खूण सर्व्हरची सार्वजनिक किल्ली ठाऊक असल्याशिवाय बनवता येत नाही. पाकीट आलं की सर्व्हर आधी ही खूण तपासतो. जुळली नाही, तर पाकीट टाकून देतो आणि गप्प बसतो. "चुकीची किल्ली" असं सांगत नाही, "इथं कुणी नाही" असंही सांगत नाही. खूण जुळली तर तो पुढे पाठवणाऱ्याची ओळख उलगडतो, आणि ती त्याच्या यादीत नसेल तर पुन्हा गप्प. बाहेरून `nmap` ने हे पोर्ट चाचपलं तर पडद्यावर एवढंच येतं:

```
51820/udp open|filtered
```

म्हणजे दार उघडं आहे की भिंत आहे, सांगता येत नाही. बाकीच्या पोर्टांवर येणारी पाकिटं फायरवॉल मुकाट्याने टाकून देत असेल, तर त्या पोर्टांबद्दलही हेच उत्तर येतं आणि वायरगार्ड त्या गर्दीत मिसळून जातं. (फायरवॉलने बाकीच्या पोर्टांवरून "बंद आहे" असा निरोप परत धाडला, तर मात्र एकटं गप्प राहणारं पोर्ट उठून दिसतं. म्हणून निरोप न धाडता टाकून देणंच बरं.)

इथं एक व्याख्या मनात पक्की करून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हल्ल्याला वाव किती, हे मोजायची माझी रीत अशी: समोरच्याची ओळख पटण्याआधी त्याच्यासाठी किती कोड चालतो? वायरगार्डमध्ये अगदी अनोळखी माणसासाठी चालतो तो एक छोटासा हिशेब: आलेल्या बाइटांवरून खूण काढायची आणि ताडून पाहायची. सबंध वायरगार्डच लिनक्सच्या गाभ्यात सुमारे चार हजार ओळींचं आहे. 2020 साली लिनक्स 5.6 मध्ये ते आलं तेव्हा त्याच्या आटोपशीरपणाचं कौतुक झालं ते याच कारणाने, की एक जाणकार माणूस बसून ते सगळं वाचू शकतो. आणि त्यातलाही अगदी थोडा भाग परक्याच्या वाट्याला येतो.

आता पॅनेलचं दार पाहू. ते टीसीपीवर असतं. `wg-easy` मध्ये 51821 वर. तिथं कुणीही आलं की आधी टीसीपीची जोडणी होते, म्हणजे "हो, मी आहे" हे उत्तर पहिल्याच क्षणी गेलं. मग ब्राउझरने पाठवलेले हेडर वाचले जातात, पानाच्या फायली दिल्या जातात, कुकी तपासली जाते, लॉगिनचा मजकूर उलगडला जातो, आणि या सगळ्यानंतर पासवर्ड बरोबर की चूक ते ठरतं. तोवर नोड, त्यावरचा वेब सर्व्हर आणि त्यांच्या डझनावारी लायब्ररींचा कोड त्या परक्या माणसासाठी चालून गेलेला असतो. तो कोड वाईट आहे असं मी म्हणत नाही. मन लावून लिहिलेला आहे, फुकट दिलेला आहे, आणि मी तो वापरतो. पण तो बोलका आहे. त्याने बोललंच पाहिजे. पान दाखवणं हेच त्याचं काम आहे. वायरगार्डच्या शेजारी हे दार उघडलं, की आपल्या सर्व्हरची सुरक्षितता वायरगार्डइतकी राहत नाही, त्या पानाइतकी होते.

मग पॅनेल नकोच, असं म्हणून मोकळं होता येईल. तसं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण हाताने लिहिलेल्या फायलीतली एक चूक आहे, माझीच.

पॅनेल यायच्या आधीची गोष्ट. ऑफिसातल्या एका ताईंना जोडून दिलं होतं, पत्ता 10.8.0.5. काही महिन्यांनी नवीन मुलाचं नाव टाकताना मी वरचा भाग उचलून खाली चिकटवला, किल्ली बदलली आणि पत्ता बदलायला विसरलो. दोघांच्याही नावापुढे `AllowedIPs = 10.8.0.5/32`. कुठलीही तक्रार न करता वायरगार्डने फाइल स्वीकारली. नव्या मुलाचं चालू झालं. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन, "जोडलेलं दाखवतंय पण टॅली उघडत नाही." मी सर्व्हरवर पाहिलं तर त्यांचा हातमिळवा एका मिनिटापूर्वीचा, ताजा. सगळं ठीक दिसत होतं. अर्धा तास गेल्यावर `wg show` मधल्या एका ओळीवर नजर पडली:

```
peer: (ताईंची सार्वजनिक किल्ली)
  allowed ips: (none)
  latest handshake: 1 minute, 4 seconds ago
```

वायरगार्डमध्ये एक पत्ता एकाच किल्लीचा असतो. तोच पत्ता दुसऱ्याला दिला की पहिल्याकडून तो मुकाट्याने काढून घेतला जातो, शेवटी लिहिलेला जिंकतो. ताईंची ओळख पटत होती, पण त्यांच्याकडून आलेलं एकही पाकीट पुढे जात नव्हतं. पॅनेल हा पत्ता स्वतः निवडतं, मोकळा असलेला पुढचा आकडा देतं, म्हणून ही चूक तिथं होत नाही.

दुसरी बाब याहून महत्त्वाची. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव काढणं पॅनेलवर एका बोटाचं काम आहे. हाताने करायचं तर कुणीतरी मला कळवायचं, मी संध्याकाळी बसायचं, फाइलमधल्या चव्वेचाळीस अक्षरांच्या किल्ल्यांतून त्याची नेमकी ओळखायची. मामांच्या ऑफिसातून गेलेल्या एका मुलाची किल्ली अशीच पाच महिने चालू होती. त्याने काही केलं नाही, पण करू शकला असता. सोय म्हणजे नुसता आळसाचा लाड नव्हे. जे काम सोपं असतं ते वेळेवर होतं, आणि वेळेवर काढलेली किल्ली ही सुरक्षिततेतली फार मोठी गोष्ट आहे. हे तराजूच्या या पारड्यात प्रामाणिकपणे घालून मगच दुसऱ्या पारड्याकडे वळायला हवं.

दुसऱ्या पारड्यात बोलक्या दाराखेरीज आणखी दोन वजनं आहेत, आणि ती पटकन दिसत नाहीत.

पहिलं किल्ल्यांचं. वायरगार्डच्या मूळ कल्पनेत प्रत्येक उपकरण आपली खाजगी किल्ली स्वतः बनवतं आणि ती त्या उपकरणाबाहेर कधीच जात नाही. सर्व्हरला मिळते ती फक्त सार्वजनिक किल्ली. त्यामुळे सर्व्हर फुटला तरी तिथं ताईंची किंवा मामांची खाजगी किल्ली सापडत नाही, कारण ती तिथं नसतेच. पॅनेल मात्र क्यूआर कोड दाखवतं, फोनने टिपला की झालं. तो कोड म्हणजे खाजगी किल्लीसकट सबंध फाइल. म्हणजे किल्ली सर्व्हरवर बनली, आणि उद्या पुन्हा कोड दाखवता यावा म्हणून तिथंच साठवलीही गेली. `wg-easy` च्या 14 व्या आवृत्तीत ती `wg0.json` मध्ये असते, 15 व्या आवृत्तीपासून एका छोट्या डेटाबेसमध्ये. ती एक फाइल, किंवा रात्री घेतलेली तिची बॅकअप प्रत, ज्याच्या हाती लागेल तो सातांपैकी कुणीही होऊ शकतो. सर्व्हरची स्वतःची खाजगी किल्लीही तिथंच असते.

यात काय जात नाही तेही सांगायला हवं, नाहीतर उगाच भीती पसरते. कुणी आधीपासून तुमची वाहतूक टिपून ठेवली असेल आणि नंतर त्याला या किल्ल्या मिळाल्या, तरी जुनं त्याला उलगडत नाही. वायरगार्ड दर दोन मिनिटांच्या आसपास तात्पुरत्या किल्ल्या नव्याने ठरवतं आणि जुन्या टाकून देतं. चोरीचा उपयोग पुढच्यासाठी होतो, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने आत शिरण्यासाठी. आणि ती चोरी ओळखायची एक खूणही आहे. एकच किल्ली दोन ठिकाणी वापरली जाऊ लागली की सर्व्हर त्या किल्लीचा ठावठिकाणा शेवटच्या खऱ्या पाकिटावरून ठरवतो. मग `wg show` मधला `endpoint` सांगलीचा, मग दुसरीकडचा, पुन्हा सांगलीचा, असा उड्या मारतो, आणि खऱ्या माणसाची जोडणी दर थोड्या वेळाने तुटते. फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला तरी `endpoint` बदलतो, पण तो माणसाच्या हालचालीबरोबर बदलतो. माणूस घरी शांत बसलेला असताना तो मागेपुढे होत असेल, तर ती किल्ली त्याच दिवशी बदलावी.

दुसरं वजन अधिकाराचं. पॅनेलला वायरगार्डची यादी बदलायची असते, नेटवर्कचे नियम लावायचे असतात. हे साध्या वापरकर्त्याला जमत नाही, त्याला रूटचा अधिकार लागतो. `wg-easy` डॉकरमध्ये चालतं, आणि त्याच्या नेहमीच्या फाइलमध्ये हे असतं:

```
cap_add:
  - NET_ADMIN
  - SYS_MODULE
```

पहिला अधिकार नेटवर्कचा, तो लागतोच. दुसऱ्यापाशी मात्र थांबून पाहावं. `SYS_MODULE` म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात नवा मॉड्यूल चढवायची परवानगी. गाभा सगळ्या कंटेनरांचा एकच असतो. त्यामुळे हा अधिकार हाती आलेल्याला कंटेनरच्या भिंती उरतच नाहीत. तो होस्टचा मालक होतो. आपण मनात म्हणतो, "डॉकरमध्ये आहे ना, मग वेगळं कोंडलेलं आहे," आणि कोंडलेल्याच्याच हाती खोलीची किल्ली दिलेली असते. ही परवानगी ठेवतात ती मॉड्यूल आधी चढलेला नसेल तर कंटेनरला तो चढवता यावा म्हणून. सर्व्हरवर लिनक्स 5.6 किंवा नंतरचं असेल, तर `wireguard` आणि `iptables` ला लागणारे मॉड्यूल सर्व्हर सुरू होतानाच होस्टवर चढवून ठेवावेत आणि फाइलमधून दुसरी ओळ काढून टाकावी. मामांच्या सर्व्हरवर मी तसंच केलं आहे.

या सगळ्यावरून प्रश्न कुठला विचारायचा ते स्पष्ट होतं. पॅनेल असावं की नसावं, हा प्रश्न अर्धाच आहे. खरा प्रश्न असा, की पॅनेलने कुणाला उत्तर द्यावं?

माझी चूक इथंच झाली होती. सर्व्हरवर मी `ufw` लावलं होतं. एसएसएचला वाट, 51820 ला यूडीपीची वाट, बाकी सगळं बंद. 51821 चं नाव यादीत नव्हतं. `ufw status` वाचून समाधान झालं, आणि मी झोपलो. दोन दिवसांनी एसटीत बसलो असताना काही कारणाने मोबाइल डेटावरून सर्व्हरचा पत्ता आणि पुढे `:51821` असं टाकून पाहिलं. लॉगिनचं पान उघडलं. फोनवर वायरगार्ड बंद होतं. अंगातून शिरशिरी गेली.

कारण डॉकरच्या वागण्यात आहे. `ufw` चे नियम होस्टसाठी आलेल्या पाकिटांना लागतात. पण डॉकर कंटेनरचं पोर्ट बाहेर मांडताना `iptables` मध्ये स्वतःचे नियम घालतं, आणि पाकीट आल्या आल्या त्याचा पत्ता बदलून ते कंटेनरकडे वळवतं. वळवलेलं पाकीट होस्टसाठी राहत नाही. ते "पुढे जाणारं" ठरतं आणि वेगळ्या साखळीतून जातं. `ufw` पहारा देतं त्या फाटकातून ते येतच नाही. `ufw` खोटं बोलत नव्हतं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. घरी येऊन मी एक ओळ बदलली:

```
ports:
  - "51820:51820/udp"
  - "127.0.0.1:51821:51821/tcp"
```

सुरुवातीचा `127.0.0.1` हा सगळा फरक. आता पॅनेल सर्व्हरच्या स्वतःच्या आतल्या पत्त्यावरच मांडलं जातं. `ss -lnt` चालवलं की 51821 च्या ओळीत `0.0.0.0` दिसतं की `127.0.0.1`, एवढं पाहावं. पण माझा भरवसा आता त्याहून साध्या चाचणीवर आहे: वायफाय बंद, वायरगार्ड बंद, मोबाइल डेटा चालू, आणि ब्राउझरमध्ये पत्ता. पान उघडलं नाही तर खरं. भाड्याच्या सर्व्हरबरोबर कंपनीची बाहेरची फायरवॉल मिळत असेल तर तीही लावावी, कारण ती मशीनच्या बाहेर असते आणि डॉकर तिला वळसा घालू शकत नाही.

मला स्वतःला पॅनेल उघडायचं असतं तेव्हा मी एसएसएचमधून बोगदा काढतो:

```
ssh -L 51821:127.0.0.1:51821 user@server
```

आणि मग माझ्याच लॅपटॉपवर `http://127.0.0.1:51821` उघडतो. परक्याला दिसतं ते फक्त एसएसएच, आणि ते किल्लीने बंद केलेलं असतं. पण मामांना हे कसं सांगणार? त्यांच्यासाठी तर हे सगळं होतं.

बरेच लोक इथं पॅनेलपुढे एक प्रॉक्सी बसवतात, डोमेनचं नाव घेतात, फुकट प्रमाणपत्र काढतात आणि पान एचटीटीपीएसवर जगापुढे मांडतात. साध्या एचटीटीपीवर मांडण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण साध्यावर पासवर्डच काय, क्यूआर कोडातली खाजगी किल्लीसुद्धा उघडी जाते. 15 वी आवृत्ती तर मुद्दाम सांगितल्याशिवाय एचटीटीपीवर लॉगिनच करू देत नाही, तो निर्णय मला फार आवडला. पण एचटीटीपीएसने वाटेतला चोर थांबतो, दाराशी आलेला थांबत नाही. आणि "नाव कुणाला ठाऊक आहे?" ही समजूत तर मुळीच टिकत नाही. प्रत्येक सार्वजनिक प्रमाणपत्र जगाला वाचता येणाऱ्या नोंदवह्यांत चढतं. `vpn` किंवा `wg` ने सुरू होणारं नाव घेतलं की प्रमाणपत्र निघाल्यावर थोड्याच वेळात ते तिथं दिसतं, आणि त्या वह्या सतत वाचणारे प्रोग्राम असतात. मी एकदा दुसऱ्या एका कामासाठी असं नाव घेतलं होतं. कुणालाही सांगितलं नव्हतं, तरी त्याच दिवशी प्रॉक्सीच्या लॉगमध्ये `/.env` आणि `/wp-login.php` मागणारे येऊन गेले.

मामांसाठी वाट निघाली ती वायरगार्डच्याच पोटातून. `wg-easy` मध्ये वायरगार्डचं `wg0` कंटेनरच्या आत असतं आणि पॅनेलही त्याच कंटेनरात. म्हणून फोनवर वायरगार्ड चालू केलं की `http://10.8.0.1:51821` या पत्त्यावर पॅनेल आपोआप उघडतं, बाहेर काहीही न मांडता. इथं साधं एचटीटीपी चालतं, कारण फोनपासून कंटेनरपर्यंतची सगळी वाट वायरगार्डने आधीच झाकलेली आहे. एसएसएच सोडलं तर परक्यासाठी पुन्हा एकच मुकं दार उरलं.

हे कळलं तेव्हा मला आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं की मामांना उघडतं तसं ते सातही जणांना उघडतं. पोर्ट बाहेर मांडलेलं असो वा नसो. ताईंच्या मुलाने त्यांच्या लॅपटॉपवर कसलासा खेळ उतरवून घेतला आणि त्यातून व्हायरस आला, तर तो व्हायरस पॅनेलच्या दाराशी उभा आहे. पासवर्ड आहे, पण ओळख पटण्याआधी चालणारा सगळा कोड त्याच्यासाठी चालेल. म्हणून कंटेनरच्या आत एक नियम लावला. मामांचा फोन 10.8.0.2:

```
iptables -A INPUT -i wg0 -p tcp --dport 51821 ! -s 10.8.0.2 -j DROP
```

एरवी पाकिटावर लिहिलेल्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर विश्वास ठेवणं भाबडेपणाचं असतं; तो कुणीही खोटा लिहू शकतो. पण इथं वायरगार्डचा तोच नियम मदतीला येतो, ज्याने ताईंना अडवलं होतं. 10.8.0.2 हा पत्ता एकाच किल्लीचा आहे. दुसऱ्या किल्लीने आलेल्या पाकिटावर तो लिहिलेला असेल, तर वायरगार्ड ते `wg0` मधून वर येऊच देत नाही. त्यामुळे हा नियम म्हणजे पत्त्याची तपासणी दिसत असली तरी खरी तपासणी किल्लीचीच आहे.

हा नियम होस्टवर लावून उपयोग नाही, `wg0` तिथं नाहीच. आणि कंटेनर नव्याने उभा राहिला की हाताने लावलेला नियम जातो, म्हणून 14 मध्ये तो `WG_PRE_UP` मध्ये द्यायचा, 15 मध्ये पॅनेलमधल्याच हुकमध्ये. `WG_POST_UP` मध्ये देऊ नये. तिथं आधीपासून असलेले वाहतुकीचे नियम त्याने पुसले जातात आणि मग कुणालाच इंटरनेट मिळत नाही. त्या हुकांबद्दल एक लक्षात ठेवण्यासारखं: तिथं लिहिलेली कुठलीही आज्ञा रूट म्हणून चालते. 15 व्या आवृत्तीत प्रशासकाचा पासवर्ड मिळवणारा फक्त नावं काढत-घालत बसणार नाही, त्याला हवी ती आज्ञा चालवू शकेल. पासवर्डबरोबर दुसरा तात्पुरता आकडा मागायची सोय त्या आवृत्तीत आहे, ती चालू करावी.

एक धोका उरतो. मामांनी चुकून स्वतःचंच नाव काढलं, तर ते बाहेर, आणि पॅनेल आत. म्हणून माझी एसएसएचची वाट तशीच आहे. ती कंटेनरात `wg0` वरून न येता दुसऱ्या बाजूने येते, वरचा नियम तिला लागत नाही.

सगळ्यांनीच हे करावं असं मला वाटत नाही. माझ्या घरच्या सर्व्हरवर चारच उपकरणं आहेत आणि वर्षातून एखादं बदलतं. तिथं पॅनेल नाही. नवा फोन आला की वायरगार्डच्या अ‍ॅपमध्ये किल्ली फोनवरच बनवतो, सार्वजनिक किल्ली तेवढी सर्व्हरच्या फाइलमध्ये चार ओळींत लिहितो, आणि चालू जोडण्या न तोडता फाइल पुन्हा वाचायला लावतो:

```
wg syncconf wg0 <(wg-quick strip wg0)
```

पाच मिनिटांचं काम. मधली एक वाटही आहे. वायरगार्ड गाभ्यात चालतं, त्याला जिवंत राहायला पॅनेलची गरज नसते. `wg-easy` मध्ये दोन्ही एकाच कंटेनरात बांधलेली असल्याने कंटेनर थांबवला की `wg0` ही जातं. पण `wireguard-ui` सारखं पॅनेल होस्टवर वेगळी सेवा म्हणून बसवलं, तर नाव घालायच्या दहा मिनिटांपुरतं ते सुरू करून मग बंद करता येतं. जोडण्या चालूच राहतात. त्याचं सुरुवातीचं नाव आणि पासवर्ड दोन्ही `admin` असतात, ते पहिल्यांदा सुरू करायच्या आधीच बदलावेत. मामांना सेवा सुरू-बंद करणं जमणार नाही म्हणून त्यांच्याकडे मी ती वाट घेतली नाही, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस जाणता असेल तर मला तीच अधिक आवडेल. जे दार दिवसाची दहा मिनिटं उघडं असतं त्यावर उरलेला दिवस कुणी थाप मारू शकत नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसातला एक मुलगा पुण्याला नोकरी लागून गेला. शेवटच्या दिवशी चहा झाला, पेढे झाले. संध्याकाळी मामांनी फोनवर वायरगार्ड चालू केलं, पान उघडलं, त्याचं नाव काढलं आणि मला नुसतं कळवलं, "काढलं रे." मी घरून, बोगद्याच्या बाहेर राहून, दोन्ही पोर्ट चाचपली:

```
51821/tcp filtered
51820/udp open|filtered
```